पाठवले दहा, गेले पन्नास

१२ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या निर्मात्याने, म्हणजे सातोशी नाकामोतो या टोपणनावाने वावरणाऱ्या माणसाने, कॅलिफोर्नियातल्या हॅल फिनी या संगणकतज्ज्ञाला १० बिटकॉइन पाठवले. एकाकडून दुसऱ्याकडे बिटकॉइन गेल्याची ही पहिली नोंद. ब्लॉक क्रमांक १७० मध्ये ती आजही जशीच्या तशी आहे आणि कुणालाही वाचता येते. वाचणारा मात्र तिथे अडखळतो, कारण नोंदीत सातोशीकडून निघालेली रक्कम १० नाही, ५० आहे.

या ५० पैकी १० फिनीला मिळाले. उरलेले ४० त्याच नोंदीत सातोशीच्या स्वतःच्या किल्लीवर परत आले. त्या काळी शुल्क द्यावं लागत नव्हतं, त्यामुळे हिशेब चोख जुळतो. सातोशीने ५० का हलवले, तर त्याच्याकडे दहाचं नाणं नव्हतंच. क्रमांक ९ चा ब्लॉक तयार केल्याबद्दल मिळालेलं ५० चं एक अखंड नाणं होतं आणि बिटकॉइनच्या व्यवस्थेत अशा नाण्याचा तुकडा तोडून देता येत नाही. ते पुरतं खर्ची टाकायचं आणि उरलेल्या रकमेचं नवं नाणं स्वतःच्या नावे काढून घ्यायचं, एवढी एकच वाट असते.

ही पहिली नोंद समजली की बिटकॉइन वापरणाऱ्या हजारो लोकांची झोप उडवणारा एक प्रसंगही समजतो. किरकोळ रक्कम पाठवायची, मग खात्री करायला शिल्लक बघायची, आणि ती एकदम निम्म्यावर आलेली दिसायची. नोंद उघडून पाहावी, तर मोठी रक्कम कुठल्याशा अनोळखी पत्त्यावर गेलेली. माणसाला पहिली शंका चोरीची येते. बहुतेक वेळा ती खोटी असते.

बँकेच्या खात्यात शिल्लक हा एक आकडा असतो. पैसे काढले की आकडा कमी होतो, भरले की वाढतो. बिटकॉइनच्या साखळीत असा आकडा कुठेच लिहिलेला नसतो. तिथे असतात फक्त पूर्वीच्या व्यवहारांतून बाहेर पडलेल्या आणि अजून कुणी न खर्चलेल्या रकमा. जाणकार त्यांना यूटीएक्सओ म्हणतात. इथे आपण नाणी म्हणू. एक नाणं ०.०२ बिटकॉइनचं असेल, दुसरं ०.००७३१ चं, तिसरं थेट ५० चं. वॉलेट नावाचं सॉफ्टवेअर काय करतं, तर आपल्याकडच्या किल्ल्यांनी उघडणारी नाणी साखळीत हुडकतं, त्यांची बेरीज करतं आणि ती पडद्यावर शिल्लक म्हणून दाखवतं. ही बेरीज वॉलेटची असते, साखळीची नव्हे.

आता व्यवहाराचा साचा पाहू. त्याच्या एका बाजूला आवक असते, दुसऱ्या बाजूला जावक. आवकेत फक्त एवढंच लिहिता येतं, की अमुक जुन्या व्यवहारातलं अमुक क्रमांकाचं नाणं खर्च करत आहे, आणि ही त्याची सही. किती रक्कम खर्च करायची हे लिहायला आवकेत रकानाच नाही. नाणं एकदा आवकेत आलं की सगळंच्या सगळं संपतं. जावकेत मात्र रकमा लिहाव्या लागतात: या पत्त्याला इतके, त्या पत्त्याला इतके. भाजीवाल्याला ५०० ची नोट देऊन सुट्टे घ्यावेत तसंच हे, फरक इतकाच की इथे सुट्टे भाजीवाला देत नाही. देणाऱ्यानेच ते आधी मोजून, त्याच व्यवहारात स्वतःच्या नावे लिहून ठेवायचे असतात. पाठवणाऱ्याचं वॉलेट हे न सांगता, न विचारता करतं. घबराटीचं मूळ त्या ‘न सांगता’मध्ये आहे.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका बाईंच्या वॉलेटमध्ये ०.०४ बिटकॉइन आहेत. ते दोन वेळा, दोन वेगळ्या पत्त्यांवर आले. म्हणजे ०.०२ ची दोन नाणी. बिटकॉइनचा सर्वांत लहान भाग म्हणजे सातोशी, आणि एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी होतात. म्हणून प्रत्येक नाणं २० लाख सातोशींचं. बाईंना ०.००१ बिटकॉइन, म्हणजे १ लाख सातोशी पाठवायचे आहेत. एक नाणं पुरेसं असल्याने वॉलेट दुसऱ्याला हात लावत नाही. एक आवक आणि दोन जावका असलेला आजच्या पद्धतीचा साधा व्यवहार सुमारे १४१ व्हर्च्युअल बाइट जागा घेतो. दर बाइटला १० सातोशी असेल, तर शुल्क होतं १,४१० सातोशी. वीस लाखांतून एक लाख आणि १,४१० वजा केले की उरतात १८,९८,५९०. ही रक्कम वॉलेट बाईंच्याच एका कोऱ्या पत्त्यावर पाठवतं. तो पत्ता त्यांनी कधी कुणाला दिलेला नसतो, कधी पाहिलेलाही नसतो.

व्यवहार पाठवल्यावर बाईंकडे खरोखर आहेत ३८,९८,५९० सातोशी. गेले फक्त १,०१,४१०. पण त्या आपले दोन ओळखीचे पत्ते साखळी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर तपासतात. एका पत्त्यावर २० लाख, दुसऱ्यावर शून्य. शिल्लक बरोबर निम्मी!

पत्ते न तपासता वॉलेटच उघडलं, तरी काही वेळा हेच चित्र दिसतं. व्यवहार ब्लॉकमध्ये नोंदला जाईपर्यंत परत आलेली रक्कम काही वॉलेटं मुख्य आकड्यात धरत नाहीत, ‘प्रलंबित’ म्हणून बाजूला दाखवतात. ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी एक येतो. शुल्क कमी लावलं असेल आणि गर्दी असेल, तर तास किंवा दिवसही जाऊ शकतात. तेवढा वेळ पडद्यावर अर्धाच आकडा राहतो. आणि एकच मोठं नाणं असलेल्या माणसाला तर शून्य दिसू शकतं. त्याच्या जिवाची काय घालमेल होत असेल!

शंका फिटवायची असेल, तर पत्ता सोडून व्यवहार पाहावा. वॉलेटच्या इतिहासात त्या व्यवहाराचा क्रमांक मिळतो. तो mempool.space सारख्या संकेतस्थळावर टाकला की डावीकडे आवक आणि उजवीकडे जावक दिसते. बाईंच्या उदाहरणात उजवीकडे दोन रकमा असतील. एक त्यांनी स्वतः टाकलेली, ओळखीच्या पत्त्यावरची १ लाखाची. दुसरी अनोळखी पत्त्यावरची १८,९८,५९० ची. या दोन्हींत शुल्क मिळवल्यावर डावीकडची बेरीज आली, तर पैसे वाटेत कुठे गळालेले नाहीत. मग प्रश्न एकच उरतो, तो अनोळखी पत्ता कुणाचा.

त्याचं उत्तर संकेतस्थळ देऊ शकत नाही, वॉलेटच देऊ शकतं. इलेक्ट्रम या जुन्या आणि बऱ्याच लोकांच्या वापरातल्या वॉलेटमध्ये पत्त्यांची यादी उघडता येते. तिथे इतरांना द्यायचे पत्ते हिरव्या रंगात असतात आणि सुट्टे परत घेण्यासाठी राखून ठेवलेले पिवळ्या रंगात. अनोळखी पत्ता पिवळ्यांत सापडला की विषय मिटला. बिटकॉइन कोअर वापरणाऱ्याला हेच एका आज्ञेने विचारता येतं; शेवटी फक्त तो पत्ता लिहायचा:

```
bitcoin-cli getaddressinfo "पत्ता"
```

उत्तरात `"ismine": true` आलं, तर पत्ता याच वॉलेटचा आहे. सोबत `"ischange": true` असेल, तर तो सुट्ट्यांसाठी काढलेला आहे. जावकेतला एकही पत्ता आपला निघाला नाही आणि तो व्यवहार आपण केलेलाही नसेल, तेव्हा काळजीचं खरं कारण असतं. या घबराटीच्या क्षणी ‘अडकलेले पैसे सोडवून देतो’ म्हणत वॉलेटचे गुप्त १२ किंवा २४ शब्द मागणारे लोकही भेटतात. सुट्टे परत मिळवायला ते शब्द कुणालाही द्यावे लागत नाहीत. ते पैसे हललेलेच नसतात. (ज्यांचे बिटकॉइन एखाद्या एक्स्चेंजच्या खात्यात आहेत, त्यांना हा अनुभव येतच नाही. तिथे नाणी आणि सुट्टे एक्स्चेंजचे असतात, ग्राहकाला दिसतो तो कंपनीच्या वहीतला आकडा.)

सुट्टे जुन्याच पत्त्यावर परत का आणत नाहीत, हा प्रश्न इथे कुणीही विचारील. सातोशीने पहिल्या व्यवहारात तसंच केलं होतं. त्या ४० मधून त्याने पुढे आणखी रकमा दिल्या, आणि दर वेळी उरलेलं नाणं त्याच किल्लीवर परत येत गेलं: ४० चे ३०, मग २९, मग २८, मग १८. या किल्लीच्या नावावरच्या एवढ्याच आवक नोंदींची बेरीज केली तर १९५ भरते, आणि मुळात आले होते फक्त ५०. ‘एकूण जमा’चा आकडा पाहून कुणाची श्रीमंती मोजू नये ती यामुळे. पण यातला मोठा तोटा वेगळा आहे. सगळे व्यवहार एकाच पत्त्यावर दिसत राहिले, की तो पत्ता ज्याला माहीत आहे त्याला मालकाचा अख्खा हिशेब उघडा दिसतो. म्हणून पुढे सॉफ्टवेअर दर वेळी सुट्ट्यांसाठी नवा पत्ता काढू लागलं. खासगीपणाची सोय झाली, पण तिची किंमत लवकरच एकाने मोजली.

ऑगस्ट २०१० मध्ये एका वापरकर्त्याकडे सुमारे ९,००० बिटकॉइन होते. तेव्हा एका बिटकॉइनला अमेरिकेत दहा सेंटही मिळत नसत. त्याने आपल्या वॉलेटच्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर ठेवली आणि मग १ बिटकॉइन स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवला. तो सीडीवरून चालणारी लिनक्स वापरत होता, त्यामुळे संगणक बंद करताच त्यातलं सगळं पुसलं गेलं. चिंता नव्हती, प्रत काढलेली होती ना. पण ती प्रत होती व्यवहाराच्या आधीची. व्यवहार करताना वॉलेटने ८,९९९ च्या सुट्ट्यांसाठी नवी किल्ली बनवली होती, आणि ती किल्ली फक्त पुसल्या गेलेल्या फाइलमध्ये होती. त्या माणसाने एकही चूक केली नव्हती असं म्हटलं तर फारसं बिघडत नाही. सुट्टे नावाची गोष्ट पडद्यामागे घडते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ती नाणी साखळीत आहेत, कुणालाही दिसतात. उघडणारी किल्ली मात्र जगात नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या ०.३.१४ या आवृत्तीत यावर पहिला उपाय झाला. वॉलेट १०० किल्ल्या आधीच बनवून फाइलमध्ये ठेवू लागलं, म्हणजे जुनी प्रतसुद्धा पुढचे बरेच व्यवहार सांभाळून घेई. पक्का तोडगा मात्र २०१२ मध्ये पीटर वुइले यांच्या प्रस्तावाने आला. एकाच बीजातून गणिताने हव्या तितक्या किल्ल्या ठरावीक क्रमाने काढायच्या, म्हणजे बीज जपलं की सगळं जपलं. आज वॉलेट सुरू करताना कागदावर लिहून घ्यायला सांगितले जाणारे शब्द म्हणजे हेच बीज. त्यातून किल्ल्यांच्या दोन रांगा निघतात. बऱ्याच आधुनिक वॉलेटांत त्या अशा दिसतात:

```
m/84'/0'/0'/0/0   घेण्याचा पहिला पत्ता
m/84'/0'/0'/1/0   सुट्ट्यांचा पहिला पत्ता
```

शेवटून दुसरा आकडा ० असेल तर पत्ता लोकांना द्यायचा, १ असेल तर सुट्ट्यांचा. वॉलेट स्वतःचे सुट्टे ओळखतं ते या एका आकड्यावरून. शब्द शाबूत असतील, तर फोन हरवला तरी सुट्टे हरवत नाहीत.

तरीही फसगत होते, आणि तिच्या दोन जागा ठरलेल्या आहेत. पहिली, शब्द दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये टाकण्याची. वरच्या ओळीतला ८४ हा पत्त्याच्या प्रकाराचा आकडा आहे. जुन्या प्रकारांना ४४ किंवा ४९ असतो. नवं वॉलेट चुकीच्या रांगेत शोधत राहिलं तर शिल्लक शून्य किंवा अर्धवट दाखवतं. अशा वेळी सेटिंगमध्ये पत्त्याचा योग्य प्रकार निवडला की पैसे दिसू लागतात. दुसरी जागा जास्त घातक. कागदावर छापलेली एकच सुटी किल्ली वॉलेटमध्ये घेऊन त्यातली थोडी रक्कम खर्च केली, तर सुट्टे बहुधा वॉलेटच्या स्वतःच्या पत्त्यावर जातात, कागदावरच्या नव्हे. कागद तिजोरीत जपून ठेवणारा आणि फोन पुसून टाकणारा माणूस इथे बुडतो. कागदावरचे बिटकॉइन वापरायचे तर एकाच वेळी सगळे नव्या वॉलेटमध्ये हलवणं बरं.

आता उलट बाजू. वॉलेटने सुट्टे परत लिहिलेच नाहीत तर? व्यवहारात जशी आवकेची रक्कम लिहिलेली नसते, तसं शुल्कही लिहिलेलं नसतं. आवकेची बेरीज वजा जावकेची बेरीज, जे उरेल ते ब्लॉक बनवणाऱ्या मायनरचं. सुट्ट्यांची ओळ राहून गेली किंवा तिच्यातला आकडा चुकला, तर नियमांच्या दृष्टीने व्यवहारात काही वावगं नसतं. पाठवणाऱ्याने उदार शुल्क दिलं, एवढाच त्याचा अर्थ होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पॅक्सोस या अमेरिकी कंपनीने जेमतेम ०.०७ बिटकॉइन पाठवताना १९.८२ बिटकॉइन शुल्कात घालवले. त्या वेळच्या दराने पाठवलेली रक्कम सुमारे २,००० डॉलर होती, तर शुल्क सुमारे ५ लाख डॉलर. आपल्या प्रणालीतल्या दोषाने हे घडल्याचं कंपनीने मान्य केलं. तो ब्लॉक एफटूपूल या मायनर समूहाने बनवला होता आणि त्यांनी पैसे परत केले. करायलाच हवेत असं कुठेही लिहिलेलं नाही. नेहमीच्या वॉलेटमध्ये असं सहसा घडत नाही, कारण शुल्क अवाच्या सवा दिसलं तर ती इशारा देतात. हाताने व्यवहार जुळवणाऱ्यांनी मात्र सही करण्याआधी ती वजाबाकी स्वतः करून पाहावी.

एक किरकोळ बाब याच नियमातून येते. सुट्टे फारच कमी उरणार असतील, तर वॉलेट त्यांचं नाणं काढतच नाही. आजच्या साध्या प्रकारच्या पत्त्याला २९४ सातोशींखालची जावक नेटवर्कमधले संगणक पुढे पाठवत नाहीत. इतकं छोटं नाणं पुढे खर्च करायलाच त्याच्या किमतीहून जास्त शुल्क लागायचं. म्हणून असे थोडेसे सातोशी शुल्कातच जमा होतात, आणि कधीकधी शुल्क ठरवल्यापेक्षा शे-दोनशे सातोशींनी जास्त दिसतं ते यामुळे.

राहिला खासगीपणा, ज्याच्यासाठी नव्या पत्त्यांचा हा सगळा खटाटोप सुरू झाला. तो पूर्ण साधला असं म्हणवत नाही. २०१३ मध्ये सारा मायकलजॉन आणि सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यवहारातली कुठली जावक सुट्ट्यांची हे ओळखून एकाच मालकाचे पत्ते कसे जोडता येतात, ते त्यांनी त्यात दाखवलं. ओळखणं अनेकदा सोपं असतं. बाईंच्या व्यवहारात जावकेतला एक आकडा होता १,००,००० आणि दुसरा १८,९८,५९०. कुणी कुणाला १८,९८,५९० सातोशी मोजून देत नाही. गोल आकडा देण्याचा आणि वेडावाकडा सुट्ट्यांचा, हे पोरही सांगेल. पत्त्यांच्या प्रकारातला फरकही चुगली करतो. पाठवणाऱ्याची सगळी नाणी एका प्रकारच्या पत्त्यांवर असतील आणि जावकेतला एकच पत्ता त्या प्रकारचा असेल, तर सुट्टे तिथेच गेले असणार.

वॉलेट बनवणारे यावर एकेक तोड काढत गेले. सुट्ट्यांची ओळ नेहमी शेवटी न ठेवता तिची जागा सोडतीने ठरवणं ही त्यातली साधी तोड. सगळ्यांत हुशार तोड सुट्टे निर्माणच होऊ न देण्याची आहे. बिटकॉइन कोअरच्या २०१८ मधल्या ०.१७ या आवृत्तीपासून वॉलेट आधी आपल्या नाण्यांची अशी जुळणी शोधतं, की बेरीज द्यायच्या रकमेएवढी आणि शुल्काएवढीच भरावी. जुळणी सापडली तर जावकेत एकच ओळ राहते. शुल्क वाचतं, आणि परत आलेली रक्कम नसल्याने तिचा माग काढणाऱ्यालाही काही हाती लागत नाही. ज्याच्याकडे लहानमोठी बरीच नाणी आहेत त्याला ही जुळणी अनेकदा मिळते. ०.०२ ची दोनच नाणी असलेल्या बाईंना मात्र पुढचा व्यवहार करतानाही सुट्टेच घ्यावे लागतील.